वाफेबरोबर काय येतं, भांड्यात काय राहतं

अठराव्या शतकात लंडनमधल्या गरीब वस्त्यांत जी जिन विकली जाई, तिच्यात अनेकदा ज्युनिपरचं एक फळही नसे. त्याऐवजी टर्पेंटाइन घातलेलं असे, म्हणजे आपण रंग पातळ करायला वापरतो तेच. त्याच्या जोडीला साखर, तुरटी, आणि कधी कधी गंधकाम्लसुद्धा. विल्यम होगार्थने 1751 साली ‘जिन लेन’ नावाचं जे चित्र काढलं, त्यातली उद्ध्वस्त माणसं अशीच जिन पीत होती. ब्रिटिश संसदेने त्याच वर्षी कायदा करून या धंद्याला आवर घातला.

भेसळ करणाऱ्यांनी नेमकं टर्पेंटाइनच का निवडलं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या उत्तरात जिनची सगळी गोष्ट आहे. टर्पेंटाइन पाइनच्या डिंकापासून काढतात आणि त्याचा मुख्य घटक असतो अल्फा-पायनीन नावाचं सुगंधी द्रव्य. ज्युनिपरच्या तेलातही बहुधा सर्वात मोठा वाटा याच पायनीनचा असतो. नाकाला ते जवळचे नातेवाईक वाटतात. ज्याला फक्त ‘ज्युनिपरचा वास’ हवा आहे त्याला तो टर्पेंटाइनमधून काही अंशी मिळतोही. मिळत नाही ते बाकीचं सगळं. ज्युनिपरच्या तेलात पायनीनशिवाय मिर्सीन, सॅबिनीन, लिमोनीन आणि टर्पिनेन-4-ऑल अशी अनेक द्रव्यं असतात, आणि त्यांच्या एकत्र असण्यानेच तो वास रंगाच्या डब्याचा न राहता जंगलाचा होतो.

ज्युनिपर हे काटेरी पानांचं, सूचिपर्णी कुळातलं झुडूप आहे. त्याच्या ‘फळा’ला सगळे बेरी म्हणत असले तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो पाइनसारखाच शंकू आहे. त्याचे खवले मांसल होऊन एकमेकांना चिकटलेले असतात, इतकंच. नर आणि मादी झुडपं बहुधा वेगळी असतात आणि शंकू फक्त मादी झुडपावर धरतो. हिरवा शंकू पिकून निळा-जांभळा व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. त्यामुळे एकाच फांदीवर यंदाचे हिरवे आणि आधीच्या वर्षांचे पिकलेले शंकू शेजारी शेजारी दिसतात. यंत्राने तोडणी करायची सोय राहत नाही. इटलीतल्या टस्कनीत आणि उत्तर मॅसिडोनियाच्या डोंगरांत लोक खाली पसरट टोपली धरतात आणि फांदीवर काठीने हलकेच मारतात. पिकलेले पडतात, हिरवे टिकून राहतात. हे बहुतेक सगळं पीक रानातलं आहे, शेतातलं नाही. म्हणून दर वर्षी आणि दर डोंगराला तेलाचं प्रमाण बदलतं. जाणते डिस्टिलर एकाच ठिकाणचा माल घेऊन थांबत नाहीत. निरनिराळ्या लॉटचे नमुने छोट्या काचेच्या उपकरणात चालवून, वास घेऊन मगच खरेदी ठरवतात.

आपल्याकडे ही वनस्पती परकी नाही. हिमालयात ज्युनिपरच्या अनेक जाती उगवतात. आयुर्वेदात तिला हपुषा म्हणतात आणि काष्ठौषधींच्या दुकानात हाऊबेर या नावाने तिची वाळलेली फळं मिळतात.

ज्युनिपरच्या खालोखाल जिनमध्ये मान आहे तो धन्यांचा. धन्यांच्या तेलातलं लिनालूल हे द्रव्य फुलासारखा आणि थोडा लिंबासारखा वास देतं, आणि ज्युनिपरच्या राळेसारख्या कडक वासाला मऊ करतं. आपल्या स्वयंपाकघरातले मोठे, टपोरे धने दिसायला छान, पण तेल कमी. बल्गेरिया-रशियाकडचे बारीक धने तेलाने कितीतरी समृद्ध असतात. म्हणून कृतीत ‘एक किलो धने’ एवढंच लिहून भागत नाही. धने कुठले, हे बदललं की जिन बदलते. त्यानंतर येतात मुळं. अँजेलिकाच्या मुळाला ओल्या मातीचा, कस्तुरीकडे झुकणारा वास असतो. आयरिस या फुलझाडाचे कंद तर सोलून दोन-तीन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ नुसते वाळवत ठेवतात, कारण त्यांचा जांभळ्या फुलांसारखा वास ताज्या कंदात नसतोच. तो साठवणीत तयार होतो. याखेरीज ज्येष्ठमध, दालचिनीच्या जवळची कॅसिया साल, लिंबू-संत्र्याच्या साली, कंकोळ. यादी लांबवणं सोपं आहे. टँकरे या जुन्या ब्रिटिश जिनमध्ये फक्त चार वनस्पती आहेत, ज्युनिपर, धने, अँजेलिका आणि ज्येष्ठमध, आणि तरीही ती जगातल्या उत्तम जिनमध्ये गणली जाते. बाटलीवर पंचवीस-तीस वनस्पतींची नावं मिरवणाऱ्यांबद्दल मी साशंक असतो. इतक्यांचा वास वेगळा ओळखू येणं जवळजवळ अशक्य असतं.

आता मुख्य प्रश्न. ही सगळी द्रव्यं मद्यात उतरवायची कशी?

दोन्ही पद्धतींची सुरुवात एकाच ठिकाणी होते. जिन बनवणारा बहुतेक वेळा मद्यार्क स्वतः बनवत नाही. तो 96 टक्क्यांचा, जवळजवळ कोणतीही चव नसलेला मद्यार्क विकत घेतो. युरोपात तो बहुधा धान्याचा असतो. आपल्याकडे धान्याचाही असतो आणि उसाच्या मळीपासूनचाही. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून निघणारा ‘ईएनए’ तो हाच. गोव्याच्या फेणीशी जिनचा फरक इथेच पडतो. फेणीचा वास काजूच्या बोंडांच्या आंबलेल्या रसातून येतो, म्हणजे तो मुळात आंबवणातच असतो. जिनमध्ये मद्यार्क म्हणजे कोरी पाटी, आणि सगळा सुगंध नंतर, बाहेरून आणायचा असतो. तो वाफेच्या वाटेने आणला तर ती डिस्टिल्ड जिन. वनस्पती नुसत्या भिजवून, किंवा त्यांची तेलं नाहीतर तयार अर्क ओतून आणला तर ती कंपाउंडेड जिन.

वाफेची वाट काय करते हे समजायला गवती चहा आणि आलं घातलेला काढा उकळताना आठवावा. झाकण उचललं की त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब चाखून बघा. त्यांना गवती चहाचा वास येतो, पण ते पाण्यासारखे पारदर्शक असतात, कडू नसतात आणि आल्याचा तिखटपणाही त्यांत जवळजवळ नसतो. रंग, कडूपणा, तुरटपणा, गोडी आणि झोंबणं देणारे रेणू बहुतेक जड असतात. ते वाफेवर स्वार होऊ शकत नाहीत आणि खाली भांड्यात राहतात. वर येतात ती फक्त उडून जाणारी सुगंधी तेलं. डिस्टिल्ड जिनमध्ये हेच घडतं. तिच्यातला ज्येष्ठमधही मग वेगळाच वागतो. ज्येष्ठमधाची खरी गोडी ज्या ग्लिसरायझिनमुळे आहे ते वाफेबरोबर येत नाही. येतो तो फक्त त्याचा मातकट, उबदार वास. कंपाउंडेड जिनमध्ये ज्येष्ठमध भिजवला तर त्याची गोडी आणि पिवळसरपणा दोन्ही उतरतात.

पण एवढंच असतं तर ऊर्ध्वपातन म्हणजे एक प्रकारची गाळणी ठरली असती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथे क्रम असतो. सुगंध एकदम येत नाहीत, एकामागून एक येतात. ते समजण्यासाठी एक लहान घाणा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण लहान भट्टीतलं काम साधारण अशाच प्रमाणात चालतं.

तांब्याच्या भांड्यात 100 लिटर मद्यार्क आहे, पाणी घालून 50 टक्क्यांवर आणलेला. म्हणजे त्यात शुद्ध अल्कोहोल 50 लिटर. त्यात 2 किलो ज्युनिपर, 1 किलो धने, 100 ग्रॅम अँजेलिका, 50 ग्रॅम आयरिसचा कंद आणि थोड्या लिंबाच्या साली. पाणी घालण्याचं एक कारण सुरक्षितता: 96 टक्क्यांचा मद्यार्क तापवणं म्हणजे आगीशी खेळ. दुसरं कारण असं की पुरेसं पाणी असेल तरच तेलं मद्यार्कातून सुटून वाफेकडे जायला तयार होतात. काही जण हे मिश्रण रात्रभर भिजत ठेवतात. लंडनच्या बीफईटरमध्ये 24 तास भिजवण्याची परंपरा आहे. काही जण लगेच आच लावतात. भिजवल्याने वास जास्त खोल उतरतो हे खरं, पण जास्त वेळ ठेवलं तर सालींचा ताजेपणा मंदावतो.

आच मंद हवी. भांड्यातलं द्रव ऐंशी-पंच्याऐंशी अंश सेल्सियसच्या आसपास उकळू लागतं. पायनीन एकट्याने उकळायला सुमारे 156 अंश लागतात, मग ते इतक्या कमी तापमानाला वर येतं कसं, असा प्रश्न पडेल. अल्कोहोल आणि पाण्याची वाफ त्याला आपल्याबरोबर घेऊन जाते, म्हणून. उकळण्याआधीही तेलाचा थोडा अंश हवेत जात असतोच. वाफेचा सततचा ओघ मिळाला की तो थोडा अंश गोळा होत राहतो.

पहिलं लिटरभर द्रव बाजूला काढतात. घरगुती दारूच्या गोष्टींमुळे आपल्याला वाटतं की हे मिथेनॉल काढून टाकण्यासाठी. जिनच्या बाबतीत ते कारण फारसं लागू नाही, कारण मद्यार्क आधीच शुद्ध झालेला असतो. इथे कारण वेगळं: आधीच्या घाण्याच्या शेवटी शीतकाच्या नळीत चिकटून राहिलेली जड तेलं या पहिल्या कडक धारेने धुऊन येतात. थोडं द्रव पेल्यात घेऊन त्यात पाणी घातलं की ते दुधाळ होतं. धुरकटपणा कमी झाला आणि वास स्वच्छ आला की मुख्य भाग धरायला सुरुवात करायची.

आधी लिंबाच्या साली येतात, हलक्या आणि चटकन उडणाऱ्या. त्यांच्या पाठोपाठ ज्युनिपर, आणि बराच वेळ तोच राहतो. मग धन्यांचा फुलासारखा वास वर येतो. धारेतलं अल्कोहोल उतरू लागतं तसा मसाला जाणवतो, आणि सर्वात शेवटी मुळांची पाळी, अँजेलिका आणि आयरिसचा मातीचा, कोरडा वास. त्यानंतर एक क्षण असा येतो की वास शिजलेल्या भाजीसारखा, ओल्या पुठ्ठ्यासारखा होतो. त्याच्या आधी धार तोडायची असते. लवकर तोडली तर जिन पातळ वाटते, तिला तळ उरत नाही. उशीर केला तर तो शिजलेला वास सगळ्या बॅचमध्ये जातो आणि नंतर कशानेही निघत नाही. ही वेळ तापमान आणि अल्कोहोलमापकाने साधारण कळते, पण शेवटचा निर्णय नाकानेच घेतात. डिस्टिलरचं कसब मला सर्वात जास्त इथे दिसतं.

समजा मुख्य भाग 50 लिटर मिळाला आणि त्याचं सरासरी प्रमाण 78 टक्के आहे. म्हणजे शुद्ध अल्कोहोल 39 लिटर. त्यात क्षारविरहित पाणी घालून आपल्याकडच्या नेहमीच्या 42.8 टक्क्यांवर आणलं की सुमारे 91 लिटर जिन तयार होते. पाणी एकदम ओतायचं नाही. घाईने ओतलं किंवा पाणी जड असलं की जिन गढूळ होण्याची भीती असते. उरलेलं दहाएक लिटर अल्कोहोल शेपटीत आणि भांड्यात राहतं. त्याला आता वनस्पतींचा वास लागलेला असतो, म्हणून ते पुन्हा शुद्ध केल्याशिवाय वापरता येत नाही. डिस्टिल्ड जिन महाग का, याचं एक उत्तर या उरलेल्या दहा लिटरमध्ये आहे.

मोठे कारखाने एक वेगळी रीत वापरतात. वनस्पती कितीतरी पट जास्त घालून अतिशय तीव्र अर्क ऊर्ध्वपातनाने काढायचा आणि मग तो तेवढ्याच शुद्धतेच्या कोऱ्या मद्यार्कात वाढवायचा. युरोपचा कायदा याला परवानगी देतो, आणि ती लबाडी नाही. फक्त एका भांड्यातून कित्येक पट बाटल्या निघतात. बॉम्बे सफायरची तऱ्हा आणखी निराळी. तिच्या वनस्पती मद्यार्कात बुडतच नाहीत. त्या वरच्या सच्छिद्र टोपलीत असतात आणि फक्त वाफ त्यांच्यातून जाते, म्हणून ती जिन हलकी आणि कमी राळेदार लागते.

आता कंपाउंडिंगकडे. त्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि त्यांची सरमिसळ केल्याने बराच गोंधळ होतो. पहिला प्रकार भिजवण्याचा: ज्युनिपर आणि मसाले मद्यार्कात काही दिवस ठेवायचे आणि गाळायचे. ही जिन फिकट पिवळी ते तपकिरी असते, तिच्यात कडूपणा आणि तुरटपणा असतो, अंगाने ती दाट वाटते. नीट केली तर ती चवदार आणि प्रामाणिक गोष्ट आहे. रंग पाहूनच कळतं की काय केलं आहे. गोची अशी की भिजवणीत क्रम नसतो. जे विरघळतं ते सगळं येतं, कधी थांबायचं एवढंच हातात असतं. पाच दिवसांऐवजी दहा दिवस ठेवलं तर ज्युनिपरची राळ जिभेवर बसते.

दुसरा प्रकार म्हणजे तेलं किंवा तयार ‘जिन एसेन्स’ मद्यार्कात मिसळून पाणी घालणं. अमेरिकेत 1920 ते 1933 या दारूबंदीच्या काळात घरोघरी ‘बाथटब जिन’ व्हायची ती बहुतेक अशीच: मिळेल तो मद्यार्क, ज्युनिपरचं तेल आणि धार बोथट करायला ग्लिसरिन. मद्यार्कच औद्योगिक असला की ती जीवघेणी ठरे, पण तो दोष मिसळण्याच्या पद्धतीचा नव्हता, मद्यार्काचा होता. आज स्वच्छ मद्यार्कात चांगली तेलं मिसळली तर पिणाऱ्याला त्या दृष्टीने कोणताही अपाय होत नाही. माझी तक्रार दुसरी आहे. यात रंग नसतो, कारण तेलंही ऊर्ध्वपातनानेच काढलेली असतात. त्यामुळे बाटली पाहून ती डिस्टिल्ड जिनपेक्षा वेगळी ओळखू येत नाही आणि खर्च मात्र कितीतरी कमी येतो. लेबल गप्प बसलं की ग्राहकाची फसवणूक तिथे सुरू होते.

म्हणूनच कायद्याचे शब्द महत्त्वाचे. युरोपीय संघाच्या 2019 च्या नियमांत तीन पायऱ्या आहेत. नुसतं ‘जिन’ लिहिलं असेल तर कोणत्याही पद्धतीने ज्युनिपरचा स्वाद दिला तरी चालतो. अल्कोहोल किमान 37.5 टक्के आणि ज्युनिपरची चव प्रमुख, एवढंच बंधन. ‘डिस्टिल्ड जिन’ लिहायचं असेल तर मद्यार्क ज्युनिपर आणि वनस्पतींसह ऊर्ध्वपातित केलेला हवा, पण नंतर वरून स्वाद घालायला मुभा आहे. आणि ‘लंडन जिन’ असेल तर सगळा स्वाद ऊर्ध्वपातनातूनच आलेला हवा. नंतर घालायचं ते पाणी, त्याच शुद्धतेचा मद्यार्क आणि लिटरमागे 0.1 ग्रॅमपेक्षा कमी साखर. लंडनमध्ये बनण्याची अट मात्र नाही. स्कॉटलंडची हेंड्रिक्स घ्या. तिच्यात काकडी आणि गुलाबाचे अर्क ऊर्ध्वपातनानंतर घालतात, कारण काकडीचा ताजा वास उकळीत टिकत नाही. त्यामुळे ती कायद्याने लंडन जिन होऊ शकत नाही, आणि तरीही ती काळजीपूर्वक केलेली जिन आहे. ‘लंडन ड्राय’ हे शब्द पद्धत सांगतात, दर्जा नाही. अमेरिकी नियमही ऊर्ध्वपातनाने केलेल्या जिनलाच ‘डिस्टिल्ड’ म्हणू देतात.

पेल्यात ओळखायचं कसं? थोड्या जिनमध्ये तितकंच खोलीच्या तापमानाचं पाणी घालून वास घ्या आणि अर्ध्या तासाने पुन्हा घ्या. एसेन्सची जिन बहुधा सुरुवातीला एकच जोरदार वास देते, नंतर तो सपाट होतो आणि मागे नुसता मद्यार्क उरतो. चांगल्या डिस्टिल्ड जिनमध्ये अर्ध्या तासाने मुळांचा, मसाल्याचा वास पुढे आलेला असतो. पाणी घातल्यावर जिन धुरकट झाली तर तेल जास्त आहे एवढंच कळतं. तेलाने समृद्ध अशी उत्तम डिस्टिल्ड जिनही धुरकटते, आणि थंड करून बारीक गाळलेली साधी जिन स्वच्छ राहते. म्हणून याला पुरावा मानू नये. कुशल मिश्रण करणारा जाणत्यालाही चकवू शकतो. बाटलीवर ‘डिस्टिल्ड’ हा शब्द आहे का आणि स्वाद घातल्याचा उल्लेख आहे का, हे दोन तपशील जिभेपेक्षा जास्त भरवशाचे.

गेल्या काही वर्षांत गोव्यात जी जिन होऊ लागली, तिने हा विषय आपल्या दारात आणला. 2017 साली नाओ स्पिरिट्सची ग्रेटर दॅन आली, पुढच्या वर्षी त्यांचीच हपुसा, आणि 2018 मध्येच थर्ड आय डिस्टिलरीची स्ट्रेंजर अँड सन्स. ग्रेटर दॅन स्वतःला लंडन ड्राय म्हणवते. हपुसात हिमालयातलं ज्युनिपर वापरतात, आणि तिच्या वनस्पतींमध्ये आंबा, आलं, वेलची आणि हळद आहे. स्ट्रेंजर अँड सन्समध्ये काळी मिरी, जायपत्री आणि लिंबू-संत्र्याच्या कुळातल्या साली.

या मसाल्यांची ओळख आपल्याला स्वयंपाकघरातून असते, आणि त्यामुळेच भट्टीत ते काय होतात हे पाहण्यासारखं आहे. मिरीचा तिखटपणा पायपरीनमुळे असतो आणि पायपरीन वाफेबरोबर येत नाही. जिनमध्ये उतरतो तो मिरीचा लाकडासारखा, किंचित लिंबाळ वास, आणि मिरपूड जिभेला झोंबते तशी ती झोंबत नाही. आल्याचं झोंबणंही बहुतांशी भांड्यातच राहतं आणि त्याचा ताजा, लिंबासारखा वास वर येतो. हळदीत रंग देणारं कर्क्युमिन उडून जाणारं नाही, पण हळदीच्या तेलाला स्वतःचा उबदार, मातकट वास आहे आणि तो वाफेबरोबर सहज येतो. तीच हळद मद्यार्कात नुसती भिजवली असती तर बाटली केशरी-पिवळी झाली असती. हपुसा पाण्यासारखी स्वच्छ आहे.